विषय : पंप खरेदीच्या तक्त्यातील तुलनेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,

स.न.वि.वि.

खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपासाठी आलेली दोन कोटेशन्स आणि त्यांचा तक्ता नोटीस बोर्डावर वाचला. साधा मोनोब्लॉक ४५,००० रुपयांना, आयुष्य ५ वर्षे, वीज आणि देखभाल मिळून वर्षाला ४७,०००. स्टेनलेस स्टील इम्पेलरचा पंप ८८,००० रुपयांना, आयुष्य १० वर्षे, वर्षाचा खर्च ४३,०००. तक्त्याच्या शेवटी ‘एकूण खर्च’ म्हणून पहिल्यासमोर २,८०,००० आणि दुसऱ्यासमोर ५,१८,००० लिहून पहिल्यावर टिकमार्क केली आहे.

बेरीज बरोबर आहे, पण पहिला आकडा ५ वर्षांच्या पाण्याचा आहे आणि दुसरा १० वर्षांच्या. सहाव्या वर्षी आपण पाणी वापरणं बंद करणार नाही, पुन्हा एक मोनोब्लॉक घेऊ. तो दुसरा मोनोब्लॉक तक्त्यात कुठेच नाही.

एकूण रकमेला वर्षांनी भागलं तर निम्मं काम होतं. निम्मंच, कारण ८८,००० आज एकरकमी द्यायचे आहेत आणि ते आपल्या मुदतठेवीतून, म्हणजे ७ टक्के व्याज सोडून द्यायचे आहेत. म्हणून किमतीचा वार्षिक हप्ता काढावा. गृहकर्जाचा हप्ता निघतो त्याच गणिताने: व्याज ठेवीचं, मुदत पंपाच्या आयुष्याएवढी. एक्सेलमध्ये दोन ओळींचं काम आहे:

```
=PMT(7%,5,-45000)
=PMT(7%,10,-88000)
```

पहिल्याचं उत्तर १०,९७५ येतं, दुसऱ्याचं १२,५२९. म्हणजे दुप्पट महाग दिसणाऱ्या पंपाचा हप्ता वर्षाला दीड हजारानेच जास्त आहे. यात वर्षाचा खर्च मिळवला की मोनोब्लॉक ५७,९७५ आणि स्टीलचा ५५,५२९. दुसरा पंप वर्षाला सुमारे २,४५० रुपयांनी स्वस्त पडतो. खजिनदारांना पडताळायचं असेल तर १० वर्षांत दोन मोनोब्लॉक धरून सगळे खर्च ७ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणावेत. फरक साधारण १७,२०० येतो, आणि त्याचा १० वर्षांचा हप्ता पुन्हा तेच सुमारे २,४५० रुपये.

इथे थांबून स्टीलचा पंप घ्या असं मी म्हणत नाही. सगळं गणित ‘१० वर्षे’ या एका आकड्यावर उभं आहे, आणि तो विक्रेत्याने सांगितलेला आहे. स्टीलचा पंप ८ वर्षं टिकला तर तो मोनोब्लॉकपेक्षा वर्षाला जेमतेम २४० रुपयांनी स्वस्त पडतो. ७ व्या वर्षीच गेला तर सुमारे १,३५० रुपयांनी महाग. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकरचं पाणी येतं. पंपरूममध्ये पंपाखालच्या चौथऱ्यावर बोट फिरवून पाहा, सीलमधून गळलेल्या पाण्याबरोबर आलेली बारीक रेती हाताला लागते. हीच रेती सील आणि इम्पेलर खाते, मग तो स्टीलचा का असेना. तेव्हा विक्रेत्याकडून वॉरंटीचा कागद घेऊन भागणार नाही. वॉरंटी म्हणजे आयुष्य नव्हे. टँकरच्याच पाण्यावर ८ वर्षांपेक्षा जास्त चाललेला हाच पंप जवळपासच्या एखाद्या इमारतीत दाखवा, असं त्यांना सांगावं. सोबत खालच्या टाकीतला गाळ वर्षातून दोनदा काढण्याचा खर्चही धरावा. तो दोन्ही पंपांना सारखाच असल्याने तुलना बदलत नाही, पण आयुष्य मात्र त्याच्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. वार्षिक हप्त्याची तुलना हे गृहीत धरते की पंप संपला की तसाच पंप त्याच किमतीला पुन्हा घेतला जाईल आणि इमारतीला त्याची गरज असेल. पुढे मोनोब्लॉक महागला, तर स्टीलचा पंप आणखी फायद्याचा ठरेल. पण गेल्या सर्वसाधारण सभेत रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला होता. ५ वर्षांत इमारत रिकामी होणार असेल तर ही पद्धत लागूच होत नाही. तेव्हा दोन्ही पंप फक्त ५ वर्षांसाठी तोलायचे: आजच्या किमतीत मोनोब्लॉकचा खर्च सुमारे २,३७,७०० होतो, स्टीलच्या पंपाचा २,६४,३००. हा फरक भरून निघायला ५ वर्षं वापरलेला स्टीलचा पंप ३७,३०० रुपयांना विकला जायला हवा. भंगारवाला एवढे देणार नाही, हे आपण सगळे जाणतो.

तरी येत्या बैठकीत ऑर्डर देण्याआधी समितीने रिडेव्हलपमेंटचा अपेक्षित कालावधी इतिवृत्तात नोंदवावा, आणि तक्त्यातला ‘एकूण खर्च’ हा रकाना काढून तिथे ‘वार्षिक खर्च’ लिहावा, ही विनंती. आकडेमोडीची शीट खजिनदारांना पेनड्राइव्हवर देते.

आपली विश्वासू,
ब विंगमधील एक सभासद