वहिनी, फोटो एकदाचा नीट आला, थँक यू!

वहिनी, फोनवर थँक यू म्हटलं होतं, पण त्या दिवशी घाईत तुम्ही सणाच्या फॅमिली फोटोतल्या कपड्यांच्या रंगांबद्दल जे जे सांगितलंत ते बाकीच्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

दरवेळी सणाला आमच्याकडे एकतर सगळे एकाच रंगात, म्हणजे फोटोत नुसता एक मोठा पडदा आणि त्यावर तोंडं, नाहीतर ज्याला जे आवडेल ते. यावेळी मी तुम्हाला "सगळ्यांना कुठला रंग सांगू?" विचारलं तर तुमचा पहिला प्रश्न, मागे काय आहे? कपड्यांचं राहू दे, आधी जिथे उभे राहणार ती जागा रिकामी असताना, त्याच वेळेला, तेच दिवे लावून फोटो काढून पाठव. पाठवला. मागे पिवळा पडदा, पिवळी फुलं, वर पिवळे बल्ब. तुम्ही लगेच पिवळा, केशरी, मोहरी सगळं बाद केलंत, आणि बाबांचा तर नवाकोरा मोहरी कुर्ता तयार होता! ते जरा हिरमुसले, पण कुर्ता पडद्यापुढे धरून फोटो दाखवल्यावर त्यांनाच पटलं, कुर्ता पडद्यात गेला होता आणि हात तेवढे दिसत होते.

मग दुसरी गोष्ट, जी मला कधीच सुचली नसती. जे बदलणार नाही त्याच्यापासून सुरुवात कर म्हणालात. आमच्याकडे न बदलणारी गोष्ट म्हणजे आजी :) त्यांची वांगी रंगाची साडी ठरलेली, काठ मोरपंखी, बुट्टे मोतिया. झालं, तेच तीन रंग जवळजवळ सगळ्यांचे. पण सारख्या मापात नाही, म्हणजे ज्याचा कुर्ता मोतिया त्याची ओढणी नाहीतर जाकीट मोरपंखी, आणि ठळक डिझाइन फक्त आजींच्या साडीवर, बाकीचे साधे. त्यामुळे मॅचिंग केलंय असं वाटत नाही तरी सगळे एकाच घरचे वाटतात.

आणि ती ब्लॅक अँड व्हाइटची आयडिया तर भारीच. सगळ्यांचे कपडे उभं राहायच्या क्रमाने पलंगावर ओळीत मांडले, फोटो काढला आणि फोनमध्येच रंग काढून टाकले. रंगीत फोटोत ह्यांचा गडद निळा कुर्ता आणि भाऊजींचा आमसुली एकदम वेगळे दिसत होते, पण रंग गेल्यावर दोन्ही सारखेच काळपट, कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो कळेना. त्यात पिवळ्या बल्बखाली गडद निळा जवळजवळ काळाच दिसतो हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खरं वाटलं नव्हतं, संध्याकाळी दिवे लावून बघितलं तर तसंच. म्हणून जाऊबाईंना मोतिया ड्रेसमध्ये दोघांच्या मधे उभं केलं, दोघांपैकी कोणालाच कपडे बदलावे लागले नाहीत, नुसती जागा बदलली. उलट गडबडही याच ट्रिकने सापडते, एखादाच कपडा बाकी सगळ्यांपेक्षा खूप उजळ असेल तर नजर तिथेच जाते. आमच्या छोटीचा पांढराशुभ्र फ्रॉक तसाच होता, ट्रायलच्या फोटोत त्याच्या चुण्या-लेस काहीच दिसेना, नुसता पांढरा डाग, म्हणून तिलाही मोतियाच घातला. पण ही ट्रिक फक्त गडद-फिकं सांगते हं, दोन रंग एकमेकांशी भांडतायत का ते रंगीत फोटोतच बघावं लागतं, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं, नाहीतर मी ब्लॅक अँड व्हाइट बघूनच निश्चिंत झाले असते.

नणंदबाईंची भडक पोपटी ओढणी मात्र शेवटपर्यंत हटली नाही. तुम्ही म्हणालात तसं तिचा हिरवट उजेड खरंच हनुवटीवर येत होता, शेजारी उभ्या असलेल्या आईंच्या गालावरसुद्धा! मग ओढणी गळ्याभोवती न घेता आईंपासून लांबच्या खांद्यावरून खाली सोडली आणि त्यांना कडेला उभं केलं. निम्मं काम झालं, बाकी निम्मं मी चालवून घेतलं, सणाच्या दिवशी कोण भांडणार.

फोटोत यावेळी प्रत्येक माणूस वेगळा दिसतोय. आजी बसल्यात मधे, साडीचा काठसुद्धा स्पष्ट आलाय, आणि बाबा मोरपंखी कुर्त्यात चक्क सगळ्यात उठून दिसतायत, मोहरीचं नावही काढत नाहीत आता.

खूप खूप थँक्स वहिनी. आणि एक विचारायचंच राहिलं, पुढच्या सणाला मागे हिरव्या पानांची सजावट करायचं चाललंय, मग हा मोरपंखी त्यात बुडेल की थोडा निळसर घेतला तर चालेल? रिकाम्या जागेचा फोटो आधीच पाठवते.