विस्पंद चार, मग सूत्रात दोन का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान पुरवणीतला विस्पंदांवरचा, म्हणजे जवळच्या वारंवारतेचे दोन सूर एकत्र वाजले की आवाजात होणाऱ्या चढ-उतारांवरचा, लेख आवडला. ४४० आणि ४४४ हर्ट्‌झच्या सुरांचे सेकंदाला चार विस्पंद ऐकू येतात, असे त्यात म्हटले आहे. पण ज्या जागी विद्यार्थी हमखास अडतो, तिथूनच लेख घाईने पुढे गेला, म्हणून हे पत्र.

४४० आणि ४४४ हर्ट्‌झचे दोन नादकाटे सारख्याच जोराने वाजवले, तर बेरजेचे गुणाकारात रूपांतर करणारे त्रिकोणमितीचे सूत्र असे सांगते:

sin(2π·440t) + sin(2π·444t) = 2 cos(2π·2t) · sin(2π·442t)

उजवीकडचा sin म्हणजे कानाला ऐकू येणारा सूर. त्याची वारंवारता दोघांची सरासरी, ४४२. आणि 2 cos(2π·2t) हा त्याचा सावकाश कमी-जास्त होणारा आयाम. तो सेकंदाला दोन आवर्तने करतो, कारण सूत्रात फरकाचा निम्मा भाग येतो. मग लेखात म्हटल्याप्रमाणे विस्पंद चार कसे?

cos एका आवर्तनात एकदा +१ होतो आणि एकदा −१. −१ असताना ४४२ ची लहर फक्त उलटी होते, तिचा जोर तेवढाच राहतो, आणि हा उलटेपणा कानाला कळत नाही. म्हणून एका आवर्तनात आवाज दोनदा चढतो. ध्वनीची तीव्रता आयामाच्या वर्गावर ठरते, आणि cos² θ = (1 + cos 2θ)/2 असल्याने तिथे 2 च्या जागी आपोआप 4 येतो.

सूत्र बाजूला ठेवूनही हे पडताळता येते, आणि मला ही पडताळणी फार सुंदर वाटते. पाव सेकंदात पहिला काटा ११० कंपने करतो, दुसरा १११. बरोबर एक जास्त, म्हणून दोघे पुन्हा एकाच तालात येतात. त्याच्या निम्म्या वेळात ती ५५ आणि ५५.५ होतात. अर्ध्या कंपनाचा फरक पडला की एकाचा दाब दुसऱ्याची विरळता भरून काढतो आणि आवाज मावळतो.

तो पूर्ण मावळतो, कारण दोन्ही आयाम समान धरले आहेत. एकाचा १ आणि दुसऱ्याचा अर्धा असेल, तर बेरजेचा आयाम दीड आणि अर्धा यांच्यामध्ये हेलकावे खातो. वरचे सूत्र तसेच्या तसे लागू पडत नाही. विस्पंदांची संख्या मात्र चारच राहते.

लेखात ‘दोन सूर मिळून सरासरीचा सूर होतो’ असे सरसकट विधान आहे, ते मात्र दुरुस्त व्हायला हवे. ४४० आणि ६६० घेतले तरी सूत्र खरेच असते: ५५० चा sin आणि ११० चा cos. पण ५५० चा सूर कोणालाही ऐकू येत नाही. षड्ज आणि पंचम असे दोन स्वर स्वच्छ वेगळे ऐकू येतात. फरक सेकंदाला साधारण पंधरा-वीसच्या पुढे गेला की ठोके मोजता येत नाहीत, आवाज खरखरीत होतो, आणि फरक आणखी वाढला की कान दोन्ही सूर वेगळे करतो. सरासरीचा सूर जवळच्या वारंवारतांपुरताच ऐकू येतो, आणि ती मर्यादा कानाची आहे, त्रिकोणमितीची नाही.

आपला,
एक नियमित वाचक