कोणती पॉलिसी घेऊ, या तुझ्या प्रश्नाला उत्तर

नौपाडा, ठाणे
रविवार

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद,

गुरुवारी रात्री तुझा निरोप आला, "आई, एक चांगली पॉलिसी सांग. वर्षाला लाखभर भरू शकतो." मी तेव्हा उत्तर दिलं नाही म्हणून तू दुसऱ्या दिवशी फोन केलास, पण तू ऐरोलीहून गाडीत चढत होतास आणि गर्दीत निम्मं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

विम्याच्या शाखेत माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा क्लेमच्या टेबलावर. "चांगली पॉलिसी कोणती" हा प्रश्न काउंटरवर रोज यायचा आणि त्याला उत्तर देणारेही रोज भेटायचे. विचारणाऱ्याचं वय काय, त्याच्या पगारावर कोण जगतं, आधीचं काय आहे आणि त्याला नेमकी भीती कशाची वाटते, हे न विचारताच ती उत्तरं दिली जायची. वर्षाला लाख भरेन असं म्हणणाऱ्या माणसाला ज्या पॉलिसीचा हप्ता लाख असतो ती पॉलिसी मिळते. तू हाच निरोप त्या बँकेतल्या माणसालाही पाठवला असशील, तर त्याने एंडोमेंटचा, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीचा, कागद एव्हाना तयार ठेवला असेल.

तुझं वय मला सांगायला नको, ३३ पूर्ण. बाकीचं मी अंदाजाने धरते, चुकेल तिथे दुरुस्त कर. खारघरच्या घराचं कर्ज ५२ लाख उरलं असावं, हप्ता ४५ हजार. छकुली दोन वर्षांची. सूनबाईने तिच्यासाठी नोकरी सोडली, म्हणजे सध्या घरात येणारा पगार एकच. हप्ता सोडून घरखर्च महिन्याला ४० हजार धरला.

आता समज, तू नाहीस. हे लिहिताना हात थांबतो, पण माझ्या टेबलासमोर बसलेल्या बायकांना हा हिशोब कुणीच आधी करून दिला नव्हता, म्हणून लिहिते. कर्ज फेडायला ५२ लाख. छकुली बावीस वर्षांची होईपर्यंत वीस वर्षांचा घरखर्च, वर्षाला ४ लाख ८० हजार, म्हणजे ९६ लाख. महागाई मी धरली नाही, कारण ठेवलेल्या रकमेवर व्याजही येत राहील. ढोबळमानाने दोन्ही एकमेकांना खातील. तिच्या शिक्षणाला २० लाख. सगळे मिळून १ कोटी ६८ लाख. यातून पीएफचे ८ लाख आणि मी तुझ्या पहिल्या नोकरीत काढून दिलेली ५ लाखांची पॉलिसी वजा कर. दीड कोटीच्या थोडं वर उरतं. सूनबाई पुन्हा कामाला लागली तर हा आकडा उतरेल.

तेच लाख रुपये वीस वर्षांच्या एंडोमेंटमध्ये भरलेस तर विमा रक्कम २० लाखांच्या आसपास येईल, वर जमलेला बोनस. म्हणजे कर्जसुद्धा निम्मं फिटणार नाही. नुसत्या टर्म प्लॅनमध्ये, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात आणि जगला तर काही परत येत नाही अशा पॉलिसीत, दीड कोटीचं संरक्षण साठाव्या वर्षापर्यंत वर्षाला साधारण वीस हजारांच्या हप्त्यात मिळतं. नक्की आकडा तपासण्यांनंतर ठरेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही लागत नाही. "काहीच परत मिळत नाही" हे वाक्य ऐकून लोक टर्म नाकारतात, आणि मला ते फार लागतं, कारण त्यांच्या घरच्यांना २० लाखांचा चेक देताना मी पाहिलंय.

पण सोन्या, मला वाटतं तू विचारलंस ते याबद्दल नव्हतंच. निरोप आला गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी तू तुझ्या डब्यातल्या मित्राला भेटायला कोपरखैरण्याला गेला होतास, सूनबाईने सांगितलं. मोटारसायकलवरून पडला, कंबरेचं हाड मोडलं, पाचवा महिना चाललाय. माणूस घरात आहे, जिवंत आहे, आणि पगार बंद आहे. हॉस्पिटलचं बिल कंपनीच्या मेडिक्लेममधून गेलं असेल. घराचा हप्ता मात्र चालू आहे. ही भीती घेऊन तू घरी आलास ना?

तसं असेल तर वर लिहिलेला दीड कोटीचा टर्म प्लॅन त्या मित्राला एक रुपया देणार नव्हता. एंडोमेंटही नाही. उलट तिचा लाखाचा हप्ता पडून राहिला असता आणि पॉलिसी बंद पडली असती. या भीतीला उत्तर आहे वैयक्तिक अपघात विमा, आणि तो कुणी आपण होऊन सुचवत नाही.

विमा नियामकाने सगळ्या साधारण विमा कंपन्यांना एकसारखी ठेवायला लावलेली एक पॉलिसी आहे, सरल सुरक्षा विमा. मूळ पॉलिसीत अपघाती मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व आणि कायमचं अंशतः अपंगत्व एवढंच असतं. तुला हवं ते जादा हप्ता भरून घ्यायच्या जोडीत आहे, तात्पुरतं पूर्ण अपंगत्व. अपघातामुळे माणूस कामावर जाऊ शकत नाही तोवर विमा रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला मिळतात, जास्तीत जास्त १०० आठवडे. विमा रक्कम ५० लाख असेल तर आठवड्याला १० हजार. महिन्याला त्रेचाळीस हजारांच्या आसपास झाले, म्हणजे घराचा हप्ता जवळजवळ निघाला. २५ लाख घेतलेस तर निम्मा. फॉर्म भरताना ही जोड घेतली आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. लोक अपघात विमा घेतात, ही जोड राहून जाते, आणि पाय प्लास्टरमध्ये असताना कळतं की आपल्याकडे होता तो फक्त मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा.

याला मर्यादा आहे. हे पैसे अपघातालाच मिळतात. कावीळ झाली, पाठीचा मणका आपोआप सरकला, हृदयाचा त्रास झाला आणि तीन महिने घरी बसावं लागलं, तर या पॉलिसीतून काही येणार नाही. त्यासाठी सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बँकेत वेगळे ठेवायला हवेत. तुझ्या लाखातले उरलेले पैसे आधी तिथे जाऊ देत.

आता आधीचं काय आहे ते बघ, कारण याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. बँकेचं पासबुक काढ. मे-जूनमध्ये ४३६ रुपये आणि २० रुपये कापलेले दिसतात का? पहिला जीवन ज्योतीचा, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. दुसरा सुरक्षा विम्याचा, अपघाताने मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. खूप जणांच्या घरच्यांना हे माहीतच नसतं. मग गृहकर्जाची फाइल उघड. कर्ज मंजूर होताना त्यातच एक विमा घालून त्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवलेला असू शकतो. तसा असेल तर दीड कोटीतून तो वजा होईल, पण त्याचं संरक्षण बहुतेक वेळा कर्जाबरोबर उतरत जातं आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलंस तर राहीलच असं नाही. म्हणून त्याच्या कागदावरचं शेवटचं पान वाच.

कंपनीचा ५ लाखांचा मेडिक्लेम आणि कंपनीचा आयुर्विमा मी हिशोबात मुद्दाम धरला नाही. दोन्ही नोकरीला बांधलेले आहेत. तुम्हा तिघांचा स्वतःचा मेडिक्लेम तुला कधी ना कधी काढावाच लागेल, आणि तो तुझी साखर नॉर्मल आहे तोवर काढ. आधीपासून असलेल्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. आज काही आजार नसताना घेतलास तर ती वर्षं निघून जातील. तुझ्या बाबांची आणि माझी काळजी यात घालू नकोस, आमची पॉलिसी माझ्या निवृत्तीआधीपासून चालू आहे.

एक गोष्ट मात्र हट्टाने सांगते. फॉर्म स्वतः भर. माझ्या टेबलावर एक बाई आल्या होत्या, नवरा पॉलिसी घेतल्यापासून चौदा महिन्यांत गेला. एजंटने फॉर्मवर सगळीकडे "नाही" अशी खूण केली होती आणि नवऱ्याने सही केली. हॉस्पिटलच्या केसपेपरवर लिहिलं होतं, सहा वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू. दावा नाकारला गेला. त्यांना ते पत्र मी स्वतः दिलं. विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे तीन वर्षं झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर असा आक्षेप घेता येत नाही, पण त्याआधी मृत्यू झाला तर चौकशी होते आणि जुने कागद काढले जातात. तू मित्रांबरोबर सिगारेट ओढतोस हे मला ठाऊक आहे. रागावत नाही. फॉर्मवर "हो" लिही, हप्ता वाढेल, वाढू दे.

टर्म घेताना अर्जातच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली, १८७४ चा तो, घ्यायची आहे असं सांग. मग ती रक्कम सूनबाईची आणि छकुलीची राहते, तुला कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात ठेवता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं.

आणि माझ्या त्या जुन्या ५ लाखांच्या पॉलिसीवर नॉमिनी अजून मीच आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, मी या खात्यातली बाई, आणि माझ्याही लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटतं. बदलाचा फॉर्म मी आणून ठेवलाय, सूनबाईचं नाव पेन्सिलने लिहिलंय.

पुढच्या रविवारी जेवायला याल तेव्हा पासबुक, कर्जाची फाइल आणि कंपनीच्या मेडिक्लेमचं कार्ड घेऊन ये. बुधवारी तू काय बघून आलास तेही मला नीट सांग. बँकेतल्या माणसाला तोवर सही देऊ नकोस. छकुलीला गोड पापा.

तुझी,
आई