साडेनऊची वीज

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच घाबरून प्रश्न विचारले असतेस, आणि बाबा पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकत असतात. म्हणून लिहिते आहे. आधी एवढं वाच की पैसे गेलेले नाहीत आणि आम्ही दोघंही बरे आहोत.

गेल्या मंगळवारी दुपारी साडेचारच्या सुमारास माझ्या मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, त्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा, असा मजकूर होता आणि खाली एक मोबाईल नंबर. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर बाबांच्या एअरबेडचा पंप. तो बंद पडला की तासाभरात गादी बसते आणि त्यांच्या पाठीची जखम आत्ता कुठे भरत आलीय. रात्रभर वीज नसेल तर मी एकटी त्यांना किती वेळा कुशीवर वळवणार, हा हिशेब डोक्यात सुरू झाला. बिल भरलंय की नाही, हा विचार त्यानंतर आला. आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

मी त्या नंबरवर फोन केला. माणूस शांत होता. मराठीत सुरुवात केली, मग हिंदीवर गेला. सारखं ‘मॅडम’ म्हणत होता. मी विचारलं, थकबाकी किती आहे? तो म्हणाला, “थकबाकी काहीच नाही मॅडम, बिल तुम्ही भरलेलं आहे, फक्त आमच्या सिस्टीममध्ये अपडेट झालेलं नाही.” मनू, या एका वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. ‘तुम्ही बिल भरलं नाही’ असं तो म्हणाला असता, तर मी तुला फोन करून विचारलं असतं. पण भरलेलं बिल अपडेट झालं नाही म्हटल्यावर तुला विचारून काय होणार होतं? तू भरलंय म्हणाली असतीस, आणि त्याचं म्हणणं तसंच उभं राहिलं असतं. बिल भरलेला आणि न भरलेला, दोघंही या वाक्यात सापडतात.

ग्राहक क्रमांक त्यानं मलाच विचारला. मी जुन्या बिलावरून बारा आकडे वाचून दाखवले, ते त्यानं सावकाश परत म्हणून दाखवले आणि “हो, दिसतंय” म्हणाला. त्या क्षणी मला वाटलं, याच्यासमोर आपलं खातं उघडलेलं आहे. प्रत्यक्षात मी सांगितलेलंच त्यानं मला ऐकवलं होतं. क्रमांक, नाव, गाव, यातलं काहीही त्यानं स्वतःहून सांगितलं नव्हतं.

मग म्हणाला, अपडेटसाठी दहा रुपये भरावे लागतील, ते पुढच्या बिलात वळते होतील. त्याआधी प्ले स्टोअरवरून एक अॅप घ्यायला लावलं. अॅप उघडल्यावर पडद्यावर एक लांबलचक आकडा आला, तो मी वाचून दाखवला. लगेच इंग्रजीत सूचना आली की तुमच्या स्क्रीनवर दिसणारी सगळी माहिती, पासवर्डसकट, या अॅपला पाहता येईल. मी ती वाचली, मनू. वाचूनसुद्धा ‘Start now’ दाबलं, कारण तो म्हणाला, “ते प्रत्येक अॅपमध्ये येतं मॅडम.” आणि खरंच, तू मला आजवर जी जी अॅप्स घेऊन दिलीस त्यांत काही ना काही परवानगी मागणारी चौकट येतेच, आणि आपण ‘हो’ म्हणतोच.

हे अॅप बनावट नसतं. AnyDesk, TeamViewer QuickSupport अशी ही अॅप्स आहेत. तुझ्या ऑफिसातली माणसं दूर बसून कॉम्प्युटर दुरुस्त करतात, ती अशाच साधनांनी. म्हणून प्ले स्टोअरवर ती सरळ मिळतात आणि फोनही ‘धोकादायक’ म्हणून अडवत नाही. तो लांबलचक आकडा म्हणजे आपल्या फोनचा पत्ता. तो सांगितला आणि परवानगी दिली, की समोरचा आपल्या पडद्याकडे आपल्याइतकाच स्पष्ट पाहू शकतो. बँकांची पुष्कळ अॅप्स अशा वेळी समोरच्याला काळा पडदा दाखवतात. बहुधा म्हणूनच त्यानं मला बँकेचं अॅप उघडायला सांगितलं नाही. एक लिंक पाठवली. त्या पानावर वर वीज कंपनीचं चिन्ह, खाली नाव, ग्राहक क्रमांक, रक्कम दहा रुपये, आणि एटीएम कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे.

आणि कार्ड हातात घेतल्यावर तो मला म्हणाला, “मॅडम, कार्डाचा नंबर कुणालाही सांगू नका. मलासुद्धा नाही. तुम्हीच टाइप करा.” बँकेतही तेच सांगतात, पेपरातही तेच येतं. मला त्याचा विश्वास वाटला. तोंडानं विचारला असता तर मी नंबर कधीच दिला नसता. पण त्याला विचारायची गरजच नव्हती, मी टाइप करत असताना तो पाहत होता. आकडे भरून झाले. आता मेसेज येईल, असं तो म्हणाला.

मेसेज आला नाही. मिनिटभर गेला असेल. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “मॅडम, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलेला नाही.”

तिथे मी थांबले. माझ्या मोबाईलवर मेसेज आलेला नाही, हे याला कसं कळलं? त्याच वेळी कपाटावर चार्जिंगला लावलेला बाबांचा जुना बटणांचा फोन वाजला. माझ्या पेन्शनच्या खात्याला तोच नंबर जोडलेला आहे. निवृत्तीच्या वेळी मला स्वतःचा फोन नव्हता, म्हणून फॉर्मवर बाबांचा नंबर लिहिला होता आणि तो बदलायचा राहून गेला. तू दोनदा आठवणसुद्धा केली होतीस. मी उठले, चष्मा लावला आणि मेसेज वाचला. सहा आकडी ओटीपी होता. पण पुढे रक्कम लिहिली होती 48,500 रुपये, आणि वीज कंपनीच्या जागी कधी न ऐकलेलं एक दुकानाचं नाव.

एकतीस वर्षं गणिताचे पेपर तपासले. उत्तरावर नजर टाकून बरोबरची खूण करायची नाही, वरून खाली प्रत्येक पायरी वाचायची, ही सवय हाडात आहे. तेवढी कामी आली. नाहीतर ओटीपीचे आकडे जाड दिसतात, घाईत माणूस तेवढेच वाचतो. आणि हा मेसेज माझ्या मोबाईलवर आला असता तर मी वाचायच्या आत त्यानं पाहिला असता, कारण वरून उतरणारी सूचना त्यालाही दिसली असती.

मी त्याला विचारलं, “दहा रुपयांचे अठ्ठेचाळीस हजार पाचशे कसे झाले?” तो म्हणाला, ती डिपॉझिटची रक्कम आहे, परत येते, आकडे सांगा. मी नाही म्हटलं. तेव्हा आवाज चढला, आत्ताच्या आत्ता लाइन कट करतो म्हणाला. मी फोन ठेवला. त्यानंतर सात वेळा फोन आला.

मला आधी काहीच सुचेना, मग एकेक करत गेले. मोबाईल विमान मोडवर टाकला, म्हणजे त्याला दिसणं बंद झालं, आणि ते अॅप काढून टाकलं. घरच्या लँडलाइनवरून कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करून कार्ड बंद केलं. इंटरनेटवर शोधून नंबर घेतला नाही, कारण तिथेही खोटे नंबर असतात. मग 1930 लावला. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. पैसे गेले असतील तर पहिले तास फार मोलाचे, कारण ते एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात आणि वेळेत कळलं तर वाटेत अडवता येतात. माझे गेले नव्हते, तरी त्याचा नंबर आणि मेसेज मी cybercrime.gov.in वर नोंदवला आहे.

शेवटी महावितरणच्या 1912 वर विचारलं. बिल बाकी नाही, तू भरल्याची नोंद आहे. तिथून आणि मग पेपरातली जुनी कात्रणं काढून वाचल्यावर मला काही गोष्टी समजल्या. महावितरणचे मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरावरून येत नाहीत, ज्यात MSEDCL ही अक्षरं असतात अशा नावानं येतात, आणि त्यांत कुठल्या अधिकाऱ्याचा खासगी नंबर नसतो. थकबाकीसाठी वीज तोडायची तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुपारी मेसेज आणि रात्री अंधार, असं होत नाही.

हे सगळं कळूनही त्या रात्री मी टॉर्च हाताशी ठेवून बाबांच्या पलंगाशी बसले होते. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. पंपाचा आवाज चालूच राहिला. दहाला मी दिवा मालवला.

आता तुझ्याशी जे बोलायचं आहे ते. तीन वर्षांपूर्वी तू बिल भरायचं काम माझ्याकडून घेतलंस, माझी पायपीट वाचावी म्हणून. वीज कंपनीकडे तू तुझा मोबाईल नंबर नोंदवलास. त्यामुळे रीडिंग, बिलाची रक्कम, मुदत, पावती, सगळे खरे मेसेज पुण्याला तुझ्याकडे जातात. मी खरा मेसेज एकदाही पाहिलेला नाही. मग खोटा आला तेव्हा तो कशाशी ताडून बघणार होते? त्यानं मला विचारलं, मागचं बिल किती तारखेला भरलं, आणि माझ्याच घराच्या विजेबद्दल माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुझ्यावर राग नाही ग, तू मायेनंच केलंस. पण त्या प्रश्नापाशी मला जो संकोच वाटला, त्यावरच त्यानं पुढचं सगळं रचलं. तू कामात असशील म्हणून तुला फोन न करणं, हाही त्याच संकोचाचा भाग.

म्हणून बिल पुन्हा माझ्याकडे दे. नोंदणीचा नंबर बदलून माझा कर, मी 1912 वर विचारून ठेवलंय. बँकेत बाबांच्या नंबराचं काय करायचं ते मी ठरवलं आहे, तो तसाच ठेवायचा. ओटीपी त्या बटणांच्या फोनवरच येऊ दे, मी उठून चष्मा लावून वाचेन. नवीन कार्ड आलं की ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा दोन हजारांवर आणून ठेवू, ते मात्र तू आलीस की माझ्याशेजारी बसून कर, मला बघू दे कुठे काय दाबायचं ते.

आणि समोरच्या वहिनींनाही हाच मेसेज आला होता, परवा कळलं. त्यांच्या मुलाला सांगायची त्यांना भीती वाटत होती. मी त्यांना हे पत्र वाचून दाखवणार आहे.

पुढचं बिल साधारण बारा तारखेला येतं. भरलं की पावतीचा फोटो तुला पाठवते.

तुझी,
आई