सरासरीने चूक दुरुस्त होत नाही, अर्धी उरते

माननीय संपादक महोदय,

दोन परीक्षकांच्या गुणांची सरासरी म्हणजे ‘दोघांचाही मान राखणारा न्याय’, असं आपल्या कालच्या अंकात म्हटलं आहे. मान परीक्षकांचा राखला गेला, पण विद्यार्थ्याचं काय?

शंभर गुणांचा पेपर, उत्तीर्ण व्हायला चाळीस, आणि वीसपेक्षा जास्त फरक पडला तरच तिसरा परीक्षक, असा नियम धरा. पहिल्याने दिले २८, दुसऱ्याने ४६. फरक १८, म्हणून सरासरी ३७ आणि मुलगा नापास. आता प्रश्नवार गुण पाहा. पहिल्या चार प्रश्नांत दोघांचे २८ आणि ३२, म्हणजे मतभेद जवळजवळ नाहीच. पाचव्यात मात्र एकाचं शून्य आणि दुसऱ्याचे चौदा. मुलाने मध्ये दोन कोरी पानं सोडून पाचवा प्रश्न पुढे लिहिला आणि पहिल्या परीक्षकाने पान उलटलंच नाही. ही कडक तपासणी नव्हे, तपासणीच झालेली नाही. सरासरीने त्या चौदांतले सातच मुलाच्या पदरात पडले. पहिल्याने ते उत्तर वाचून नुसते बारा दिले असते तरी ४० आणि ४६, सरासरी ४३.

दुसरा परीक्षक तीन गुणांनी उदार असता, तर ४९ होऊन फरक २१ झाला असता. तिसऱ्याने ४४ दिले, तर जवळचे दोन धरून साडेशेहेचाळीस! पण तिसऱ्यानेही तेच पान सोडून ३० दिले, तर २८ आणि ३० जवळचे ठरतात, सरासरी २९, आणि पूर्ण वाचणाऱ्याचे ४९ बाद होतात. एकच चूक दोघांनी केली की ती बरोबर ठरते.

उपाय खर्चिक नाही. सरासरी काढण्याआधी दोन्ही गुणतक्ते प्रश्नवार शेजारी ठेवावेत. एखाद्या प्रश्नात त्याच्या कमाल गुणांच्या चौथाईहून जास्त तफावत दिसली, तर एकूण फरक कितीही असो, तेवढा प्रश्न पुन्हा तपासावा. पानावर टिक, रेघ, शेरा काहीच नसेल तर ते उत्तर वाचलेलंच नाही, असं समजावं. आणि दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण दिसता कामा नयेत. दिसले की त्याचा हात आपोआप त्यांच्या जवळ जातो, फरक कमी दिसतो आणि चूक झाकली जाते.

जाता जाता आणखी एक. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला. पण उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस दिले आहेत आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत बरेचदा त्याआधीच संपते. शिवाय उत्तरपत्रिका जपून ठेवण्याचा काळ संपला, की तो हक्कही उरत नाही. निकालासोबतच प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही परीक्षकांचे प्रश्नवार गुण द्यावेत, म्हणजे अर्ज कुठल्या प्रश्नासाठी करायचा हे त्याला मुदतीत कळेल.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, रामबाग, इंदूर