कारे-सानचं पत्र

नागोया, रविवार रात्र

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा चाकणहून सहा जण आमचा कारखाना बघायला आले होते. सगळे मराठीच, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात. पुढचे दोन तास यंत्रं दाखवण्यात गेले. घाम निघाला तो आधीच्या पंधरा मिनिटांत.

फाटकाशी पाहुण्यांच्या नावांची पाटी होती. जपानीत ल नाही, ळ तर नाहीच. दोन्हींचा र होतो. कुलकर्णींचं ‘कुरुकारुनी’ झालं. आपलं काळे ‘कारे’, आणि शेवटचा स्वर जरा ओढला की ताटातली करी. तुमच्या लेकाला इथे काय ऐकावं लागतं ते समजलं ना!

बैठकीच्या खोलीत दारापासून लांबची बाजू पाहुण्यांची, दाराजवळची यजमानांची. आपले प्रमुख पाहुणे भिडेखातर दाराजवळच्याच खुर्चीत टेकले. झालं, आमचे कारखानाप्रमुख उभेच. बसेनात की बोलेनात. शेवटी मी पाहुण्यांच्या कानात म्हटलं, “साहेब, आत सरका, नाहीतर चहा येणार नाही.”

मग ओळखी. आधी आमच्या माणसांच्या, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. इथे एक गंमत आहे. कंपनीत सगळ्यांना ‘सान’ लावायचं, पण बाहेरच्यांसमोर आपल्याच साहेबांचं नाव घेताना ते गाळायचं. समजा साहेब तानाका असतील, तर नुसतं ‘तानाका’. पाहुण्यांपुढे आपण सगळे एका घरचे, आणि घरच्याच माणसाला मान देणं म्हणजे आपली आपणच आरती ओवाळणं. पहिल्या वर्षी मी ‘सान’ लावून बसलो होतो. साहेब मान खाली घालून खोकले होते. आता जपानीत ‘सान’ गाळतो आणि मराठीत लगेच ‘साहेब’ जोडतो, नाहीतर चाकणकरांना वाटायचं, पोरगा शेफारला.

प्रमुखांनी कंपनीची माहिती दिली तेव्हा आणखी पंचाईत. पाहुण्यांशी बोलताना स्वतःच्या कंपनीला ते ‘हेइशा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ पाहिला तर ‘आमची जीर्ण कंपनी’! तसंच सांगितलं असतं तर पाहुण्यांनी छताकडे पाहिलं असतं. मी म्हटलं, “गरिबाघरी पाय लागले तुमचे.” सगळे एकदम सैलावले. आजी दारात असंच म्हणायची, तेच तोंडात आलं.

आत जाण्यापूर्वी सुरक्षेचे नियम. गाड्यांची वाट ओलांडताना थांबायचं, उजवीकडे बोट, डावीकडे बोट, आणि मोठ्याने ‘योशी!’, म्हणजे ठीक आहे. प्रमुख पाहुणे सुरुवातीला लाजत होते, बोट जेमतेम कमरेपर्यंत उचलायचे. संध्याकाळी बसकडे जाताना रस्त्यात कोणी नव्हतं, तरी ते थांबले आणि दोन्हीकडे बोट करून ओरडले, “योशी!”

आईला सांगा, लोणचं अजून पुरतंय.

तुमचा,
बंड्या