डिलीट झालेले मेसेज ‘पाच मिनिटांत’ परत येत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात व्हॉट्सअ‍ॅपचे डिलीट मेसेज पाच मिनिटांत परत मिळवा असं छापलंत ते वाचून संताप झाला, कारण असलंच वाचून माझ्या बहिणीने हातातली शेवटची संधी घालवली.

मंगळवारी दुपारी तिच्याकडून घरमालकाचं चॅट क्लिअर झालं, डिपॉझिटचं सगळं बोलणं त्यात होतं. बुधवारी लक्षात आल्यावर तिने रिकव्हरी अ‍ॅप टाकलं, पैसे भरले आणि मिळाले फक्त फोटो, जे गॅलरीत होतेच! मेसेज मिळणार कुठून? ते msgstore.db फाइलमध्ये असतात आणि ती व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी जागेत असते, अँड्रॉइड दुसऱ्या अ‍ॅपला तिथे शिरूच देत नाही. मेसेज पुसला की त्याची जागा रिकामी धरली जाते, मजकूर थोडा वेळ तिथे राहूही शकतो पण पुढचे मेसेज त्यावरच लिहिले जातात, आणि तिथवर पोचायला फोन रूट करायचा, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवायचा, तर आधी बूटलोडर हा फोन सुरू करणारा प्रोग्रॅम अनलॉक करावा लागतो, त्यातच साधारणपणे सगळा फोन पुसला जातो. सर्व्हरवर म्हणाल तर पोचलेले मेसेज तिथे ठेवतच नाहीत.

खरा उपाय फोनमध्येच होता. व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री २ च्या सुमारास फोनवर बॅकअप घेतं आणि साधारण ७ दिवसांच्या फाइल्स Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases मध्ये राहतात. गुगल ड्राइव्हवरचा तिचा बॅकअप रोजचा, तिथे फक्त शेवटचा टिकतो, म्हणजे बुधवारी पहाटे तिथलं चॅट गेलेलं, पण फोनमध्ये मंगळवार पहाटेची फाइल होती. आधी हे फोल्डर दुसरीकडे कॉपी करायचं, मग रीइन्स्टॉल करून फोल्डर जागेवर ठेवायचं, msgstore.db.crypt14 नावाची फाइल आधीच असेल तर ती बाजूला काढून मंगळवारच्या फाइलला ते नाव द्यायचं (शेवटचा आकडा मूळ फाइलचाच ठेवायचा) आणि ड्राइव्हवरचा बॅकअप न वापरता फोनमधल्या फाइलवरून लोकल रिस्टोअर करायचं. मंगळवार पहाटेनंतरचे मेसेज त्यात येत नाहीत, ते सोडावे लागतात. बहिणीने अ‍ॅपच्या सूचनेप्रमाणे कॉपी न करताच व्हॉट्सअ‍ॅप अनइन्स्टॉल केलं, फोल्डरही त्यासोबत गेलं.

आता उरलंय काय, तर ते फोटो. नोटिफिकेशन हिस्टरी आधीपासून चालू असती तर शेवटच्या २४ तासांतले आलेले मेसेज दिसले असते, तेही फक्त समोरच्याचे. पूर्ण चॅट घरमालकाच्या फोनवर आहे, तिथून एक्सपोर्ट करता येतं, पण तो कशाला देईल?

आणि त्याच बातमीखाली तशाच रिकव्हरी अ‍ॅपची जाहिरात का होती हेही कळू द्या. बातमी वेबसाइटवर अजून तशीच आहे, निदान ‘अनइन्स्टॉल करण्याआधी Databases फोल्डर कॉपी करा’ एवढं तरी आजच्या आज वर टाका.

आपली,
एक नियमित वाचक